फोटोतून काय काढता येते, काय घालता येते: फोटोग्राफी क्लबमधल्या भाषणासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान शाळेच्या फोटोग्राफी क्लबमध्ये या विषयावर बोलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. तयारी करताना वक्त्याला पडणारे प्रश्न आणि भाषणानंतर श्रोते हमखास विचारतात ते प्रश्न, असे दोन्ही इथे एकत्र दिले आहेत. भर ‘काढण्या’वर जास्त आहे. मुले फोटोत नवीन काही घालतात ते क्वचित. नको असलेली वस्तू पुसणे मात्र फोनवर बोट फिरवण्याइतके सोपे झाले आहे, आणि खरे वाद तिथेच होतात.

भाषणाचा मुख्य मुद्दा कोणता ठेवावा?

श्रोत्यांच्या हाती एक प्रश्न द्यावा: फोटोत दिसणारी ही गोष्ट कॅमेऱ्याने निर्माण केली, की ती खरोखर लेन्ससमोर होती?

सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका, अंधारातल्या लांब एक्स्पोजरमध्ये उमटलेला लाल-निळा टिंब, ट्यूबलाइटमुळे चेहऱ्यावर आलेली हिरवट झाक, लेन्सच्या कोपऱ्यांतला अंधार, या सगळ्या गोष्टी कॅमेऱ्याच्या आहेत. समोर उभ्या असलेल्या माणसाला त्या दिसल्या नसत्या. त्या काढल्या की फोटो त्या क्षणाच्या जवळ जातो. विजेची तार, कचऱ्याची टोपली, मागून जाणारा मुलगा, कोणाचा तरी कोपर या गोष्टी मात्र तिथे होत्या. त्या पुसल्या की फोटो त्या क्षणापासून दूर जातो, मग पुसणे कितीही सफाईदार असो.

याला जोडून दुसरा प्रश्न येतो: हा फोटो लोकांना काय म्हणून दाखवला जाणार आहे? क्रीडास्पर्धेच्या वृत्तांतात छापलेला फोटो ‘असे घडले’ असे सांगतो. नाटकाच्या भित्तिपत्रकावरचे चित्र तसे काही सांगत नाही, आणि बघणाऱ्यालाही ते ठाऊक असते. भित्तिपत्रकात दोन फोटो जोडायला आमची हरकत नाही. तोच जोडलेला फोटो वृत्तांतात गेला तर तो खोटा ठरतो. त्यामुळे ‘हे चालते का’ असे कोणी विचारले तर आधी ‘कुठे लावणार’ असे विचारावे.

ठिपका धुळीचाच आहे हे कसे ओळखायचे? तो दूरचा पक्षीही असू शकतो.

असू शकतो, आणि म्हणूनच खात्री केल्याशिवाय पुसू नये. सर्वांत सोपी तपासणी म्हणजे त्याच कॅमेऱ्याने मागेपुढे काढलेले तीन-चार फोटो एकापाठोपाठ एक बघणे. कॅमेरा हलवला, दृश्य बदलले, तरी ठिपका चौकटीत त्याच जागी राहिला तर तो सेन्सरवरचा आहे. पक्षी एका फोटोत असेल आणि पुढच्या फोटोत सरकलेला किंवा नाहीसा झालेला असेल.

शंका उरलीच तर चाचणी-फोटो काढावा. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवून एफ/१६ निवडावे, आयएसओ १०० ठेवावा आणि एक्स्पोजर एक स्टॉपने वाढवावे. फोकस हाताने अगदी जवळच्या अंतरावर आणावा. मग कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो घ्यावा. शटर उघडे असताना कॅमेरा मुद्दाम थोडा हलवावा. त्यामुळे भिंतीवरचे डाग पुसट होतात, धूळ मात्र सेन्सरसोबतच हलते आणि स्पष्ट राहते. हा फोटो शंभर टक्के मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघावा.

एफ/१६ कशासाठी, असे कोणी तरी विचारेलच. धूळ थेट सेन्सरवर बसत नाही, तर त्याच्या पुढच्या पातळ काचेवर बसते. अ‍ॅपर्चर लहान असले की प्रकाश अरुंद झोताने येतो आणि कणाची सावली रेखीव पडते. एफ/२.८ ला प्रकाश सर्व बाजूंनी तिरका येतो, त्यामुळे तीच सावली पसरून जवळजवळ दिसेनाशी होते. म्हणून धुळीची तक्रार निसर्गचित्रे काढणाऱ्यांकडून जास्त येते आणि पोर्ट्रेट काढणाऱ्यांकडून कमी.

सफाई करताना लक्षात ठेवावे, की सेन्सरवरची प्रतिमा उलटी असते. फोटोत वर दिसणारा कण काचेवर खालच्या बाजूला असतो. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा चिवट असतात.

क्रॉप करणे म्हणजे काढणेच नाही का?

परिणाम तसाच होऊ शकतो, तरी दोन्हींमध्ये फरक आहे. क्रॉप करताना चौकट लहान होते. चौकटीच्या आत उरलेले सगळे जसेच्या तसे असते. कोणताही फोटो जगाचा एक तुकडाच दाखवतो, आणि चौकटीबाहेर आणखी काही असणार हे बघणारा गृहीत धरून चालतो. चौकटीच्या आतून एखादी वस्तू गेली असेल हे मात्र तो गृहीत धरत नाही.

हा फरक श्रोत्यांना पटवण्यासाठी २०१० च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेचे उदाहरण फार उपयोगी आहे. रस्त्यावरच्या झुंजींच्या एका फोटोमालिकेला क्रीडा विभागात बक्षीस मिळाले होते. त्यातल्या एका फोटोत हाताला पट्टी बांधली जात आहे. मूळ फाइल रंगीत आणि बरीच रुंद होती. छायाचित्रकाराने ती मोठ्या प्रमाणात क्रॉप केली, कृष्णधवल केली आणि कडा गडद केल्या. त्या क्रॉपने बरीच माणसे आणि आजूबाजूचा परिसर चौकटीबाहेर गेला. तरीही बक्षीस गेले ते यामुळे नव्हे. हाताजवळ मागच्या माणसाच्या पावलाचा छोटासा भाग दिसत होता, तो त्याने पुसला होता, आणि तेवढ्यावरून मालिका अपात्र ठरली.

श्रोत्यांना आधी दोन्ही बदल सांगावेत आणि अपात्र कशामुळे ठरवले असेल ते हात वर करून सांगायला लावावे. बहुतेक जण क्रॉपवर बोट ठेवतील. तिथून चर्चा छान रंगते.

क्रॉपनेही खोटे बोलता येते, हे झाकू नये. दोन धावपटू एकत्र रेषा ओलांडत असतील आणि एकाला चौकटीबाहेर टाकून खाली ‘निर्विवाद विजय’ लिहिले, तर एकही पिक्सेल न पुसता फसवणूक झाली. म्हणून क्रॉप करताना एक बघावे: बाहेर गेलेला भाग पुन्हा जोडून दाखवला तर खालची ओळ खरी राहते का?

बिनमहत्त्वाची वस्तू पुसली तर कोणाचे काय बिघडते?

भाषणानंतर हा प्रश्न येतोच, आणि तो मनापासून विचारलेला असतो. उत्तरासाठी २०१४ ची घटना सांगावी. सीरियातल्या युद्धात काढलेल्या एका बंडखोर सैनिकाच्या फोटोत, खालच्या डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. छायाचित्रकाराने तो पुसून त्या जागी जमीन भरली. त्याने नंतर आपणहून ते सांगितले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्याच्यासोबतचे काम थांबवले. त्याने पाठवलेले इतर फोटोही तपासले. त्यांत गडबड सापडली नाही.

तो कॅमेरा बातमीच्या दृष्टीने क्षुल्लक होता, असे म्हणता येईल. पण त्यामुळे एक गोष्ट कळत होती: तो सैनिक तिथे एकटा नव्हता, जवळ वार्तांकन करणारी माणसे होती. कोणती वस्तू महत्त्वाची हे काढणारा ठरवतो, आणि बघणाऱ्याला त्या निर्णयाची कल्पनाही नसते. दहा वर्षांनी तो फोटो कोण कशासाठी बघेल हे आज सांगता येत नाही. शाळेच्या जुन्या फोटोत आज आपण मागची इमारत, भिंतीवरचा फळा, मुलांच्या पायांतले बूट बघतो. फोटो काढणाऱ्याला त्या वेळी ते सगळे मधेमधे येणारेच वाटले असेल.

डोक्यातून उगवलेला खांब तरी काढू द्या.

नोंद म्हणून दाखवायच्या फोटोतून तोही काढू नये. १९७० मध्ये अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. मृत विद्यार्थ्याशेजारी गुडघे टेकून आक्रोश करणाऱ्या मुलीचा फोटो जगभर पोहोचला. मूळ फोटोत तिच्या डोक्यामागे कुंपणाचा खांब आहे. पुढे काही प्रकाशनांत खांब नसलेली आवृत्ती छापली गेली आणि त्यावरून मोठा वाद झाला. खांब गेल्याने घटनेचा अर्थ बदलला नाही हे खरे, पण लोकांनी पुरावा म्हणून पाहिलेल्या फोटोत कोणी तरी गुपचूप हात घातला होता.

खांबावर खरा उपाय बटण दाबण्याआधीचा आहे, आणि तो भाषणात प्रत्यक्ष करून दाखवता येतो. एका मुलाला कॅमेऱ्यापासून २ मीटरवर उभे करा. त्याच्या बरोबर मागे, कॅमेऱ्यापासून ८ मीटरवर दुसऱ्याला उभी काठी धरायला सांगा. समोरून काठी डोक्यातून उगवल्यासारखी दिसेल. आता कॅमेरा फक्त २० सेंटिमीटर बाजूला सरकवा. काठी डोक्याच्या मध्यापासून सुमारे १५ सेंटिमीटर बाजूला गेल्यासारखी दिसेल. डोक्याची अर्धी रुंदी साधारण ८ सेंटिमीटर असते, म्हणजे काठी कानाच्याही बाहेर गेली.

मग काठी पुढे आणा, मुलाच्या मागे फक्त १ मीटरवर. तेवढेच २० सेंटिमीटर सरकल्यावर काठी जेमतेम ७ सेंटिमीटर हलते आणि कानामागेच अडकते. तिला पूर्वीइतके बाजूला काढायला जवळजवळ ४५ सेंटिमीटर सरकावे लागते. कारण सोपे आहे: आपण सरकलो की जवळची वस्तू जास्त सरकल्यासारखी दिसते आणि दूरची कमी. दोन वस्तूंच्या अंतरांत फरक जितका जास्त, तितक्या त्या एकमेकींपासून लवकर सुटतात. म्हणून मागची भिंत किंवा खांब जवळ असेल तर माणसालाच दोन पावले पुढे बोलवावे.

सरकायला जागा नसेल तर गुडघ्यावर बसून खालून फोटो घ्यावा, म्हणजे मागे आकाश येते. अ‍ॅपर्चर मोठे करून खांब धूसर करणेही चालते. काढताना लेन्सने केलेला धूसरपणा आणि नंतर सॉफ्टवेअरने चढवलेला धूसरपणा यांत मात्र फरक करावा. दुसरा वृत्तांताच्या फोटोत चालत नाही.

उजेड, रंग, कॉन्ट्रास्ट किती बदलावे?

समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसले असते तिथपर्यंत. कॅमेऱ्याला डोळ्याइतका उजेड-अंधाराचा पल्ला पकडता येत नाही, म्हणून सावलीतला चेहरा थोडा उजळणे किंवा भगभगीत आकाश थोडे उतरवणे हे डार्करूमच्या काळापासून मान्य आहे.

गडबड होते ती टोकाला गेल्यावर. मागचा माणूस दिसू नये म्हणून पार्श्वभूमी पूर्ण काळी होईपर्यंत ओढली, तर ब्रशने पुसला नाही एवढाच फरक, माणूस गेला तो गेलाच. चेहऱ्याच्या बाबतीत तर आणखी सांभाळावे. जून १९९४ मध्ये एका खुनाच्या खटल्यातल्या आरोपीचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो दोन अमेरिकी साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर आला. ‘न्यूजवीक’ने तो जसाच्या तसा छापला, ‘टाइम’ने गडद करून छापला. दोन अंक शेजारी ठेवल्यावर फरक कोणालाही दिसत होता. चेहरा गडद करून माणूस अधिक भयंकर दाखवला, अशी टीका झाली. त्यात वस्तू एकही काढलेली किंवा घातलेली नव्हती.

पोर्ट्रेटमधला मुरूम काढावा का? आणि तीळ?

इथे आम्ही काळाची कसोटी लावतो. दोन आठवड्यांत आपोआप जाणारी खूण, म्हणजे मुरूम, ओरखडा, ओठावरचे फुटलेले साल, पोर्ट्रेटमधून काढायला हरकत नाही; पण ज्याचा चेहरा आहे त्याला विचारून. तीळ, व्रण, दातांची तार, चष्मा हे त्या माणसाचे आहे. त्याने स्वतः सांगितल्याशिवाय हात लावू नये. त्वचेचा रंग उजळ करणे, नाक बारीक करणे, हनुवटी आत घेणे या गोष्टी करूच नयेत. शाळेच्या ओळखपत्रावर किंवा वृत्तांतात मुरूमही राहू द्यावा.

डोळ्यांतली लाली हे खरे तर कॅमेऱ्याचेच काम आहे. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो, त्याचा उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परत येतो आणि बाहुली लाल दिसते. आपल्या पहिल्या प्रश्नानुसार ती काढायला मुभा मिळायला हवी, तरी असोसिएटेड प्रेसच्या नियमांत तीही काढता येत नाही. ती काढताना बाहुलीचा मूळ रंग परत मिळत नाही, आपण अंदाजाने काळा भरतो, हे त्यामागे आमच्या मते सर्वांत सबळ कारण आहे. वाढदिवसाच्या फोटोत ती काढावी, बातमीच्या फोटोत सोडावी.

लांब एक्स्पोजरने माणसे गायब होतात. ते प्रामाणिक आहे का?

या उदाहरणावर वर्गात मतभेद व्हावेत अशीच आमची इच्छा असते. समजा दिवसाउजेडी एफ/८ ला एक्स्पोजर एका सेकंदाचा साठावा भाग येते. लेन्ससमोर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की उजेड साधारण हजारपट कमी होतो आणि शटर सुमारे १७ सेकंद उघडे ठेवावे लागते. चालणारी माणसे एका जागी क्षणभरच असतात, त्यामुळे ती उमटत नाहीत. बाकावर बसलेला माणूस मात्र राहतो, आणि मधेच उठला तर भुतासारखा अर्धपारदर्शक दिसतो.

हा एकच एक्स्पोजर आहे आणि सेन्सरवर पडलेला प्रकाशच त्यात आहे, म्हणून तंत्र म्हणून तो आम्ही मान्य करतो. खाली ‘पहाटेचा निर्मनुष्य चौक’ असे लिहिले की मात्र तो खोटा होतो. ‘१७ सेकंदांचे एक्स्पोजर’ एवढे लिहावे. ज्याला कळते त्याला पुरेसे असते. ट्रायपॉडवरून वीस फोटो काढून सॉफ्टवेअरने माणसे वगळणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे अनेक क्षणांचे तुकडे जोडून एक क्षण रचलेला असतो आणि तो रचलेला आहे असे सांगावेच लागते.

दोन फोटो जोडण्याची प्रथा तर जुनीच आहे. मग हरकत कशाला?

जुनी आहे खरी. १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून एक प्रिंट करत असे. त्या काळातल्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या. समुद्र नीट येईपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. आज त्याच अडचणीवर एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे दोन-तीन फोटो लागोपाठ घेऊन जोडतात, आणि पुष्कळ फोन ते आपोआप करतात. एकाच जागेवरून, एकाच दृश्याचे, काही क्षणांच्या अंतराने घेतलेले असतील तर त्यात आम्हाला गैर वाटत नाही.

वेगवेगळे क्षण जोडून न घडलेला क्षण तयार करणे हे निराळे. २००३ मध्ये इराक युद्धात बसराजवळ एका छायाचित्रकाराने ब्रिटिश सैनिक आणि नागरिकांचे, काही क्षणांच्या अंतराने काढलेले दोन फोटो जोडले. एकात सैनिकाचा हात छान आला होता, दुसऱ्यात मूल घेतलेला माणूस. जोडलेल्या फोटोत सैनिक त्या माणसाकडे पाहून हात करतो आहे असे दिसत होते. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने तो पहिल्या पानावर छापला. मागे बसलेल्या गर्दीत तीच माणसे दोनदा दिसतात, हे दुसऱ्या एका वृत्तपत्रातल्या माणसाच्या लक्षात आले. छायाचित्रकाराची नोकरी गेली. दोन्ही मूळ फोटो खरे होते आणि चांगलेही होते.

घातलेला चंद्र कसा ओळखायचा?

मोजून. आकाशात चंद्राचा व्यास सुमारे अर्धा अंश दिसतो. क्षितिजाजवळ तो मोठा भासतो, पण कॅमेऱ्यात मोठा होत नाही. सेन्सरवर चंद्राची प्रतिमा लेन्सच्या फोकल लेंग्थच्या साधारण ११० व्या भागाइतकी येते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर चंद्र अर्ध्या मिलिमीटरहून थोडा लहान येईल. सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर आणि फोटोची ६००० पिक्सेल धरली तर चंद्र जेमतेम ७५ पिक्सेलचा. तो ६०० पिक्सेलचा दिसत असेल तर फोटो ४०० मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सने काढलेला असायला हवा किंवा खूप क्रॉप केलेला असायला हवा. दोन्ही नसेल तर चंद्र बाहेरून आला आहे.

दुसरी खूण उजेडाची. चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. मावळतीनंतर पश्चिमेच्या तांबड्या आकाशात पूर्ण चंद्र दिसला तर तो फोटो तिथेच संपला. पूर्ण चंद्र त्या वेळी पूर्वेला उगवत असतो.

लेन्ससमोरच काही ठेवले तर? फोटोत तर काहीच बदल केलेला नसतो.

घालणे फाइलमध्येच होते असे नाही. २०१७ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत वारुळाकडे आलेल्या मुंगीखाऊच्या रात्रीच्या फोटोला बक्षीस मिळाले. २०१८ मध्ये आयोजकांनी तो अपात्र ठरवला, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. फोटोतल्या प्राण्याची ठेवण आणि अंगावरच्या केसांच्या खुणा एका अभ्यागत केंद्रातल्या पेंढा भरलेल्या नमुन्याशी जुळत होत्या.

फुलावर पाण्याची फवारणी करून ‘दव’ म्हणणे हा त्याचाच घरगुती प्रकार. फवारणी करावी, फक्त दव म्हणू नये.

एक संपूर्ण उदाहरण देता येईल का?

शंभर मीटर शर्यतीच्या शेवटचा, ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो घेऊ. तो शाळेच्या वृत्तांतात जाणार आहे. त्यात चार गोष्टी खुपतात: आकाशात राखाडी ठिपका, डाव्या कडेला कोणाचा तरी कोपर, धावपट्टीजवळ पडलेली रिकामी बाटली आणि विजेत्या मुलीच्या डोक्यामागे झेंड्याचा खांब.

ठिपका आधीच्या आणि नंतरच्या फोटोत त्याच जागी आहे, म्हणजे धूळ. हीलिंग ब्रश ठिपक्यापेक्षा किंचित मोठा घेऊन एकदा टिचकी मारली की काम झाले. ब्रश फार मोठा घेतला तर आकाशातला रंगाचा हलका उतार तुटतो आणि तिथे गोल चट्टा दिसतो.

कोपर कोणाचा, हे क्रॉप करण्याआधी बघावे. तो घड्याळ धरलेल्या शिक्षकांचा आहे. डावीकडून ४५० पिक्सेल कापले की तो जातो. रुंदी ५५५० उरते, तेच प्रमाण राखायचे तर उंची ३७०० होते. वरचे ३०० पिक्सेल आकाश कापावे. ३०० डीपीआयने हा फोटो अजूनही १८ इंचांहून रुंद छापता येतो. कोपर दुसऱ्या धावपटूचा असता तर आम्ही तो ठेवला असता, कारण ती किती मागे होती हे त्यावरूनच कळले असते.

बाटली राहू द्यावी. ती पुसायचा प्रयत्न केला तर सावली मागे राहते, शिवाय आखलेली पांढरी रेषा तिथे वाकडी होते आणि शेजारच्या गवताचा नक्षीसारखा तुकडा पुन्हा दिसतो. पण राहू द्यावी ती यासाठी नव्हे; सफाईने पुसता आली तरी राहू द्यावी, कारण ती तिथे होती. खांबही राहील. पुढच्या शर्यतीला दीड पाऊल उजवीकडे उभे राहावे.

फोटोखाली काय लिहावे?

जे केले ते एका ओळीत, क्रियापदासकट. ‘फोटो डावीकडून आणि वरून कापला आहे; सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढला आहे.’ भित्तिपत्रकासाठी: ‘दोन फोटो जोडून केलेले चित्र, चंद्र दुसऱ्या रात्रीचा.’ ‘किरकोळ संपादन’ असे लिहू नये, त्यातून काहीच कळत नाही. ती ओळ लिहायला हात अडखळत असेल, तर बदल मागे घ्यावा.

भाषण किती वेळाचे असावे?

बोलणे दहा मिनिटे, प्रश्नोत्तरे तेवढीच. पहिली दोन मिनिटे मुख्य प्रश्नासाठी, मग पाऊल पुसलेल्या फोटोवर हात वर करून मतदान, मग काठीचे प्रात्यक्षिक, शेवटी शर्यतीचा फोटो. काठीला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येकाला कॅमेऱ्यातून बघायचे असते. कॅमेरा पडद्याला जोडता आला तर जोडावा. इतर उदाहरणे प्रश्नांसाठी राखून ठेवावीत.

स्पर्धेत मूळ फाइल मागितली तर?

त्यासाठी ती जपलेली असावी लागते. कॅमेऱ्यावर रॉ आणि जेपेग दोन्ही साठवावे. रॉ फाइलवर केलेले बदल वेगळे नोंदले जातात, मूळ आकडे तसेच राहतात. जेपेगवर बदल करून त्याच नावाने सेव्ह केले की मूळ फोटो गेला. फोनवर पुसण्याचे साधन वापरण्याआधी प्रत करून घ्यावी. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला फोटो मूळ म्हणून देऊ नये, तो लहान झालेला असतो आणि त्यातली वेळ, लेन्स, एक्स्पोजर ही माहिती बहुधा गळलेली असते. त्या फोटोच्या आधीचे आणि नंतरचे पाच-पाच फोटोही ठेवावेत. परीक्षकांना बऱ्याचदा तेच बघायचे असतात.